विस्कटलेल्या समीकरणातून वर्तुळ

समोर असे समीकरण आहे:

4x² + 4y² − 12x + 20y − 15 = 0

प्रश्न असा की हे ज्या वर्तुळाचे समीकरण आहे, त्याचा केंद्रबिंदू, त्रिज्या, क्षेत्रफळ आणि परीघ काढा. अकरावीच्या गणितात हा प्रश्न हमखास भेटतो. पुष्कळ विद्यार्थी तो एका पाठ केलेल्या सूत्राने सोडवतात, आणि सूत्रातले एखादे चिन्ह निसटले की उत्तर चुकते. चुकले आहे हे त्यांना कळतही नाही, कारण ते चिन्ह आले कुठून हेच ठाऊक नसते. दहावीला वर्गसमीकरणे सोडवताना शिकलेली पूर्ण वर्ग पद्धत इथे वापरली, तर चारही उत्तरे चार-पाच ओळींत मिळतात आणि प्रत्येक ओळ का लिहिली तेही समजते. हा लेख त्या पद्धतीबद्दल आहे. कागद-पेन्सिल जवळ ठेवून वाचलात तर बरे.

वर्तुळाची मूळ गोष्ट अगदी साधी आहे. एका ठरावीक बिंदूपासून सारख्याच अंतरावर असलेले सगळे बिंदू म्हणजे वर्तुळ. केंद्र (3, −4) आणि त्रिज्या 6 असेल, तर अंतराच्या सूत्रावरून लगेच लिहिता येते:

(x − 3)² + (y + 4)² = 36

हे समीकरण वाचताच केंद्र आणि त्रिज्या दिसतात. आता कंस सोडवा. x² − 6x + 9 + y² + 8y + 16 = 36, आणि सगळे डावीकडे आणून मांडले की x² + y² − 6x + 8y − 11 = 0. वर्तुळ तेच आहे, पण आता डोळ्यांना काहीच दिसत नाही. नऊ, सोळा आणि छत्तीस या तीन संख्या एकमेकींत मिसळून −11 झाल्या. कंसांतले तीन आणि चार दुप्पट होऊन −6 आणि 8 या सहगुणकांत गेले. आपल्याला हाच प्रवास उलट दिशेने करायचा आहे. −6 कडे पाहून तीन ओळखायचा, त्यावरून हरवलेले नऊ परत आणायचे, तसेच 8 वरून चार आणि सोळा. ते जागेवर बसले की छत्तीस आपोआप उजवीकडे येतील.

निम्मे का करायचे आणि त्याचा वर्ग का मिळवायचा, हे चित्र काढून पाहणे सर्वांत चांगले. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने आपल्या बीजगणिताच्या ग्रंथात हे चित्रच दिले आहे. त्याचा प्रश्न होता x² + 10x = 39. बाजू x असलेला एक चौरस काढा, त्याचे क्षेत्रफळ x². आता 10x क्षेत्रफळाची पट्टी त्याला जोडायची आहे. ती सगळी एकाच बाजूला लावली तर आकृती आयत होते. पण तिचे दोन समान भाग केले, प्रत्येकी पाच रुंदीचे, आणि एक उजवीकडे व एक खाली लावला, तर आकृती जवळजवळ मोठा चौरस होते. फक्त एक कोपरा रिकामा राहतो. त्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजू पाच-पाच आहेत, म्हणून तो भरायला पंचवीस लागतात. कोपरा भरला की बाजू x + 5 असलेला पूर्ण चौरस तयार होतो, आणि दुसऱ्या बाजूलाही पंचवीस मिळवल्याने तिथे 39 + 25 = 64 होतात. म्हणून x + 5 = 8 आणि x = 3. निम्मे होतात ते पट्टीचे दोन भाग, आणि निम्म्याचा वर्ग म्हणजे तो रिकामा कोपरा. पट्टी वजा असेल तर ती जोडण्याऐवजी कापायची, पण कोपऱ्याचा हिशोब तोच राहतो: निम्म्याचा वर्ग नेहमी मिळवायचाच असतो, वजा कधीच करायचा नसतो.

वर्तुळाच्या समीकरणात असे दोन अपुरे चौरस असतात, एक x चा आणि एक y चा. दोन्हींचे कोपरे स्वतंत्रपणे भरायचे. पद्धतीत याहून वेगळे काही नाही.

आता आपल्या मूळ समीकरणाकडे येऊ. पहिले काम म्हणजे x² आणि y² यांचे सहगुणक पाहणे. दोन्ही ठिकाणी चार आहे, हे ठीक. ते समान नसते, किंवा समीकरणात xy चे पद असते, तर हे वर्तुळ नाही असे तिथेच म्हणून थांबायला हवे होते. सहगुणक समान आहेत, म्हणून सगळ्या समीकरणाला चारने भागू:

x² + y² − 3x + 5y − 15/4 = 0

सगळ्या समीकरणाला म्हणजे स्थिरपदालाही. −15 तसाच ठेवून पुढे गेलेली उत्तरे वह्यांमध्ये फार दिसतात. आता x ची पदे एकत्र, y ची पदे एकत्र आणि स्थिरपद उजवीकडे:

(x² − 3x) + (y² + 5y) = 15/4

x चा सहगुणक −3, त्याचे निम्मे −3/2, त्याचा वर्ग 9/4. y चा सहगुणक 5, निम्मे 5/2, वर्ग 25/4. हे दोन्ही दोन्ही बाजूंना मिळवू:

(x² − 3x + 9/4) + (y² + 5y + 25/4) = 15/4 + 9/4 + 25/4

(x − 3/2)² + (y + 5/2)² = 49/4

केंद्र (3/2, −5/2). उजवी बाजू r² आहे, म्हणून r = 7/2.

कंसात x − 3/2 दिसते म्हणून केंद्राचा पहिला निर्देशक +3/2, आणि y + 5/2 दिसते म्हणून दुसरा −5/2. इथे गोंधळ झालाच तर एकच प्रश्न विचारा: x ची कोणती किंमत घातली की हा कंस शून्य होतो? केंद्र म्हणजे दोन्ही कंस शून्य करणारा बिंदू, कारण केंद्रापासूनचे अंतर केंद्रापाशीच शून्य असते. हे लक्षात असेल तर चिन्ह पाठ करायची गरजच राहत नाही.

अपूर्णांकांचा कंटाळा येणाऱ्यांसाठी आपल्याकडे एक जुनी वाट आहे, आणि मला ती फार आवडते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या बीजगणितात श्रीधराचार्यांचा एक नियम दिला आहे. श्रीधराचार्यांचा स्वतःचा बीजगणिताचा ग्रंथ आज मिळत नाही, पण हा नियम भास्कराचार्यांमुळे टिकला. वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणा, मग अव्यक्ताच्या सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवा, असे तो सांगतो. निम्मे करण्याची वेळच येत नाही, म्हणून अपूर्णांकही येत नाहीत. x² − 3x घ्या. चारने गुणले की 4x² − 12x, आणि तीनाचा वर्ग नऊ मिळवला की 4x² − 12x + 9, म्हणजेच (2x − 3)².

आता मूळ समीकरण पुन्हा पाहा. त्यात 4x² − 12x आणि 4y² + 20y आधीच आहेत. श्रीधराचार्यांनी सांगितलेला गुणाकार आयताच झालेला आहे, आणि आपण घाईने चारने भागून तो घालवला. न भागता पुढे गेलो तर:

(4x² − 12x + 9) + (4y² + 20y + 25) = 15 + 9 + 25

(2x − 3)² + (2y + 5)² = 49

सगळे आकडे पूर्णांक, आणि 49 हा सातचा वर्ग आहे हेही लगेच दिसते. 2x − 3 शून्य होते x = 3/2 ला, 2y + 5 शून्य होते y = −5/2 ला. केंद्र तेच. त्रिज्येसाठी मात्र एक पायरी राहते आणि ती विसरलात तर उत्तर दुप्पट येईल: डावीकडच्या कंसांत अंतरे दुप्पट झालेली आहेत, म्हणून 49 चे वर्गमूळ सात हीही दुप्पट त्रिज्या आहे. निम्मी केली की 7/2. ज्या समीकरणात x² चा सहगुणक एक असून x चा सहगुणक विषम आहे, तिथे चारने गुणून हीच वाट धरता येते.

यातच एक नेहमीची चूक समजून घेऊ. काही जण भागत नाहीत, नुसता चार सामाईक काढतात: 4(x² − 3x) + 4(y² + 5y) = 15. मग कंसात 9/4 आणि 25/4 मिळवतात आणि उजवीकडेही 9/4 आणि 25/4 च मिळवतात. पण कंसाबाहेर चार उभा आहे. कंसातले 9/4 म्हणजे डाव्या बाजूला प्रत्यक्षात नऊ मिळवले गेले, आणि 25/4 म्हणजे पंचवीस. उजवीकडे नऊ आणि पंचवीसच मिळवायला हवेत. तसे केले की 4(x − 3/2)² + 4(y + 5/2)² = 49, आणि चारने भागून पुन्हा 49/4. चूक केलीत तर उजवीकडे 94/4 येतात. या चुकीत केंद्र बरोबर येते आणि त्रिज्या तेवढी बिघडते, म्हणून ती लक्षात येत नाही.

ती पकडायची कशी? केंद्रातून सरळ उजवीकडे त्रिज्येइतके चाला. आपण 3/2 + 7/2 = 5 वर पोहोचतो, म्हणजे (5, −5/2) हा बिंदू वर्तुळावर असला पाहिजे. त्याच्या किमती अगदी मूळ समीकरणात घाला, मधल्या कुठल्याही ओळीत नाही, कारण मधल्या ओळी आपल्या हातच्या आहेत आणि चूक त्यांत असू शकते. 4 × 25 = 100, 4 × 25/4 = 25, −12 × 5 = −60, 20 × (−5/2) = −50, आणि −15. बेरीज: 100 + 25 − 60 − 50 − 15 = 0. जमले. या एका ताळ्यात केंद्र आणि त्रिज्या दोन्ही तपासली जातात, आणि परीक्षेत त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

आता क्षेत्रफळ आणि परीघ. क्षेत्रफळ πr², आणि r² तर उजवीकडे आयता लिहिलेला आहे. म्हणजे क्षेत्रफळासाठी त्रिज्या काढायचीही गरज नाही: 49π/4. परिघासाठी मात्र वर्गमूळ घ्यावे लागते: 2πr = 2 × π × 7/2 = 7π. उजवी बाजू पूर्ण वर्ग नसेल तेव्हा हा फरक कामाचा ठरतो. समजा r² = 20 आले, तर क्षेत्रफळ सरळ 20π, आणि परीघ 2π√20, म्हणजे 4π√5. तिथे √20 चे 4.47 करून, पुन्हा त्याचा वर्ग करून क्षेत्रफळ काढणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांचे उत्तर 19.98π येते, वीस हातात असताना. घाईत याउलटही होते: उजवीकडचे 49/4 हीच त्रिज्या समजून परीघ काढला जातो. म्हणून ती ओळ लिहिली की शेजारी r² असे लिहून ठेवा.

प्रश्नात π ची किंमत दिलेली नसेल तर उत्तर π मध्येच ठेवावे, तेच अचूक उत्तर असते. 22/7 घ्यायला सांगितले असेल तर इथे हिशोब सुरेख जमतो: क्षेत्रफळ 22/7 × 49/4 = 38.5 चौरस एकक, परीघ 22 एकक. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत दोन्ही किमती दिल्या आहेत: सूक्ष्म हिशोबासाठी 3927/1250, म्हणजे 3.1416, आणि व्यवहारासाठी 22/7. सूक्ष्म किंमत घेतली तर आपला परीघ 21.99 आणि क्षेत्रफळ 38.48 येते. फरक हजारात अर्ध्याहूनही कमी आहे, म्हणून कुंपणाला किंवा फरशीला 22/7 पुरते.

त्याच लीलावतीत क्षेत्रफळाचा नियम असा आहे की परिघाला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणावे. त्रिज्येच्या भाषेत हे 2πr × 2r/4, म्हणजे πr² च. आपल्याला हा नियम ताळा म्हणून उपयोगी आहे. परीघ 22, व्यास 7, त्याचा चौथा भाग 7/4, गुणाकार 38.5. क्षेत्रफळ आणि परीघ वेगवेगळे काढले असतील तर हा गुणाकार जुळला पाहिजे. जुळला नाही तर एका ठिकाणी त्रिज्या आणि दुसऱ्या ठिकाणी व्यास घेतला गेला असण्याची शक्यता मोठी.

सूत्राबद्दल बोलायचे राहिले. पाठ्यपुस्तकात व्यापक समीकरण x² + y² + 2gx + 2fy + c = 0 असे असते, केंद्र (−g, −f) आणि त्रिज्या √(g² + f² − c). आता हे सूत्र कुठून आले ते तुम्हीच सांगाल. x चा सहगुणक 2g, निम्मे g, कोपरा g². y चेही तसेच. c उजवीकडे गेला की (x + g)² + (y + f)² = g² + f² − c. सहगुणकाला 2g म्हणण्याचे कारण एवढेच की निम्मे केल्यावर सुटसुटीत g मिळावा. सूत्र वापरायला माझी हरकत नाही, पण वापरताना 2g = −3 असे लिहून मगच g = −3/2 काढा. थेट g = −3 लिहिणे ही या प्रकरणातली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

g² + f² − c कडे आणखी एका कारणाने पाहायला हवे. वर्तुळ आहे की नाही हे तेच ठरवते. x² + y² − 4x + 6y + 13 = 0 घ्या. कोपरे भरले की (x − 2)² + (y + 3)² = 0. दोन वर्गांची बेरीज शून्य होण्यासाठी दोन्ही शून्य असले पाहिजेत, म्हणून (2, −3) हा एकच बिंदू मिळतो. याला बिंदुवर्तुळ म्हणतात, त्याची त्रिज्या शून्य. आता 13 च्या जागी 20 ठेवा. उजवीकडे −7 येतात. वर्गांची बेरीज ऋण होत नाही, म्हणून प्रतलावरचा एकही बिंदू हे समीकरण पाळत नाही. वर्तुळच नाही, मग क्षेत्रफळ विचारण्यात अर्थ नाही. असे झाले तर आधी आपले गणित तपासा, आणि ते बरोबर असेल तर 'वर्तुळ अस्तित्वात नाही' हेच उत्तर ठामपणे लिहा. −7 चे चिन्ह गुपचूप बदलून √7 त्रिज्या लिहू नका.

पुस्तकाबाहेर असे विस्कटलेले समीकरण कुठून येणार, असे वाटत असेल तर एक काम करून पाहू. शेतातला विटांचा मोठा गोल हौद आहे. जवळजवळ अर्धी भिंत पडली आहे आणि मधोमध राडारोडा साचला आहे. भिंत पूर्वीच्याच गोलाईत बांधायची आहे, म्हणून केंद्र आणि त्रिज्या हवी. शिल्लक भिंतीच्या आतल्या अंगावर तीन खुणा करा, A, B आणि C, शक्य तितक्या दूरदूर. टेप ताणून तिन्ही अंतरे मोजा. समजा AB = 8 मीटर, AC = 7.07 मीटर, BC = 9.90 मीटर आली.

A ला आरंभबिंदू माना आणि AB ला X-अक्ष. मग A (0, 0) आणि B (8, 0). C चा x निर्देशक (AC² + AB² − BC²) ÷ (2 × AB), म्हणजे (50 + 64 − 98) ÷ 16 = 1. y निर्देशक √(50 − 1) = 7. म्हणून C (1, 7). आता या तिन्ही बिंदूंतून जाणारे वर्तुळ x² + y² + 2gx + 2fy + c = 0 असे माना आणि एकेक बिंदू घाला. A घातला की c = 0. B घातला की 64 + 8(2g) = 0, म्हणून 2g = −8. C घातला की 1 + 49 − 8 + 7(2f) = 0, म्हणून 2f = −6. समीकरण तयार झाले:

x² + y² − 8x − 6y = 0

केंद्र आपल्याला माहीत नव्हते, म्हणून ते व्यापक रूपातच मिळाले. कोपरे भरा: चाराचा वर्ग सोळा, तीनाचा वर्ग नऊ.

(x − 4)² + (y − 3)² = 25

केंद्र (4, 3), त्रिज्या ५ मीटर. जागेवर याचा अर्थ असा: A पासून AB रेषेवर ४ मीटर जा, तिथून C च्या बाजूला काटकोनात ३ मीटर. थोडा राडारोडा बाजूला करून तिथे खुंटी ठोका, ५ मीटरची दोरी बांधा आणि उरलेल्या भिंतीवरून फिरवा. ती सगळीकडे टेकली तर हिशोब बरोबर. एका टोकाला वीतभर कमी पडली तर मोजणी चुकली आहे किंवा ती भिंत मुळातच नीट गोल नव्हती. परीघ 2 × 3.14 × 5, म्हणजे सुमारे ३१.४ मीटर, आणि तळाचे क्षेत्रफळ 3.14 × 25, म्हणजे ७८.५ चौरस मीटर. हौदात मीटरभर पाणी भरले तर ते साधारण ७८,५०० लिटर होईल.

खुणा दूरदूर घ्या असे म्हटले, त्याचे कारण आकड्यांतच दिसेल. समजा भिंतीचा छोटासाच तुकडा उरला आहे. त्याच्या दोन टोकांमधले सरळ अंतर २ मीटर, आणि त्या सरळ दोरीपासून भिंतीच्या मध्यापर्यंतची खोली १०.१ सेंटिमीटर. दोरीचा मध्य आरंभबिंदू मानला तर तीन बिंदू (−1, 0), (1, 0) आणि (0, 0.101). पहिल्या दोन बिंदूंवरून g = 0 आणि c = −1 मिळतात, तिसऱ्यावरून f = 4.9. मग r² = f² − c, म्हणजे सुमारे 25. त्रिज्या पाच, ठीक. आता खोली मोजताना फक्त एक सेंटिमीटर जास्त धरला गेला, १०.१ च्या जागी ११.१. तेच गणित पुन्हा केले की r² = 20.79 येतो आणि त्रिज्या ४.५६ मीटर. एका सेंटिमीटरने त्रिज्या ४४ सेंटिमीटरने घसरली आणि क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस मीटरने कमी झाले. उलट टोकांमधले अंतर ८ मीटर असते आणि खोली २ मीटर, तर तीच एका सेंटिमीटरची चूक त्रिज्येत दीड सेंटिमीटरचाच फरक पाडते. गणिताची पद्धत दोन्हीकडे सारखीच अचूक आहे, फरक मोजलेल्या बिंदूंचा आहे. छोट्या तुकड्यावरून काढलेल्या त्रिज्येवर विटांची मागणी देऊ नका.

आणखी एक खबरदारी भिंतीच्या जाडीची. तिन्ही खुणा आतल्या अंगाच्याच हव्यात, एक आत आणि दोन बाहेर असे झाले तर केंद्र सरकेल. बाहेरच्या अंगाला गिलावा किंवा जाळी लावायची असेल तर बाहेरचा परीघ वेगळा काढावा लागतो. नऊ इंची भिंत २३ सेंटिमीटर जाड धरली तर बाहेरची त्रिज्या ५.२३ मीटर आणि परीघ सुमारे ३२.८ मीटर, आतल्यापेक्षा जवळजवळ दीड मीटर जास्त. त्यासाठी पुन्हा तीन बिंदू मोजायची गरज नाही. केंद्र तेच आहे, म्हणून −8x आणि −6y जसेच्या तसे राहतात. बदलतो तो फक्त c, आणि तो g² + f² − r², म्हणजे 16 + 9 − 27.35 = −2.35. बाहेरच्या अंगाचे समीकरण:

x² + y² − 8x − 6y − 2.35 = 0

c ऋण आला याचाही अर्थ लागतो. समीकरणात (0, 0) घातला की उरतो तो c, आणि तो ऋण असेल तर आरंभबिंदू वर्तुळाच्या आत असतो. आपला आरंभबिंदू A भिंतीच्या आतल्या अंगावर होता, म्हणजे बाहेरच्या वर्तुळाच्या आतच.